एकाच फोटोच्या पाच प्रती

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि कितीतरी घरांतले अल्बम, सीडी, काँप्युटर चिखलात गेले. त्यानंतर आमच्या स्टुडिओत येणारं काम बदललं. आधी लोक फोटो काढून घ्यायला यायचे, आता जमवलेले फोटो घेऊन येऊ लागले. मुंबईच्या भावाच्या हार्ड डिस्कवर काही सापडायचे, पुण्याच्या लेकीच्या फोनमध्ये काही, दुबईला असलेल्या भाच्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर काही. नातेवाईक आपापल्याकडचं सगळं पाठवायचे, घरची मंडळी ते एका डिस्कवर भरायची आणि मग एकच फोटो पाच-सहा ठिकाणी दिसायला लागायचा. "ताई, यातले डबल तेवढे काढून द्या," एवढंच त्यांचं सांगणं असायचं.

ज्या घरात मूळ फोटो शाबूत असतात, तिथं हे काम सोपं असतं. मूळ ठेवायचे, बाकीचे काढायचे. पुरातून आलेल्या संग्रहात मूळ कोणता हेच माहीत नसतं. पाच प्रतींतली एक धड असते, बाकीच्या लहान, पुसट किंवा अर्धवट असतात, आणि ती धड प्रत कुठल्या नावाखाली, कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे वरवर पाहून कळत नाही. त्यामुळे अशा कामात मी 'काय काढू?' असं विचारत नाही. या प्रसंगाची सगळ्यांत चांगली प्रत कोणती, हे आधी शोधते आणि ती सापडल्यावरच बाकीच्यांकडे वळते. एका कुटुंबाचं काम मी असं केलं, ते इथं सांगते.

त्या घरातल्या काकांचा काँप्युटर दोन दिवस पाण्यात होता. त्याची डिस्क त्यांनी मुंबईला डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे नेली. त्यानं जमेल तेवढ्या फाइली काढून दिल्या, पण त्यांची नावं आणि फोल्डर गेलेले होते, नुसते आकडे उरले होते. हा पहिला स्रोत. दुसरा, काकांच्या भावाची डिस्क. दरवर्षी गणपतीला आला की तो थोडे फोटो उतरवून न्यायचा. तिसरा, काका-काकूंच्या फोनमधले फोटो. चौथा, लेकीनं आपल्या गूगल फोटोजमधून उतरवलेला संग्रह. सगळं मिळून चाळीस हजारांच्या आसपास फाइली झाल्या.

सुरुवातीला मी चारही स्रोतांची एक पूर्ण प्रत करून मूळ डिस्का कपाटात ठेवल्या. काम फक्त प्रतीवर. आणि चारही स्रोत वेगवेगळ्या फोल्डरमध्येच ठेवले, एकत्र केले नाहीत. याला कारण आहे. बरेच कॅमेरे फोटोंना DSC_0001 पासून DSC_9999 पर्यंत नंबर देतात आणि मग पुन्हा एकपासून सुरू करतात. म्हणून २०१२ च्या बारशातला DSC_0457 आणि २०१६ च्या सहलीतला DSC_0457 हे दोन अगदी वेगळे फोटो असू शकतात. ते एकाच फोल्डरमध्ये टाकताना काँप्युटर विचारतो, आधीच्या फाइलच्या जागी ही ठेवू का? घाईत 'हो' म्हटलं की एक फोटो कायमचा जातो, तोही डबल शोधायला बसण्याच्या आधीच. नावावरून डबल ठरवणं म्हणूनच धोक्याचं. स्रोत वेगळे ठेवण्याचा आणखी एक फायदा म्हणजे फाइल कुठून आली यावरून तिच्यावर काय काय झालं असेल याचा अंदाज येतो. तो पुढं फार उपयोगी पडतो.

मग पहिली चाळणी. यात फक्त तंतोतंत एक असलेल्या फाइली शोधायच्या. कुठलीही फाइल म्हणजे आकड्यांची एक लांब रांग. त्या रांगेवरून गणितानं एक छोटा ठसा काढता येतो, त्याला हॅश म्हणतात. SHA-256 पद्धतीनं काढलेले दोन ठसे जुळले, तर त्या फाइली एकच आहेत असं बिनधास्त धरता येतं. मी dupeGuru नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरते. त्यात Contents हा प्रकार निवडला की तो फाइलचं नाव आणि तारीख बाजूला ठेवून आतला मजकूरच ताडून पाहतो. शिवाय एखाद्या फोल्डरला Reference ठरवता येतं. त्या फोल्डरमधल्या फाइलीशी तुलना होते, पण तिथली फाइल काढायला सॉफ्टवेअर परवानगी देत नाही. मी भावाची डिस्क Reference केली, कारण तिथं नावं आणि फोल्डर जागेवर होते. 'गणपती २०१५' असं फोल्डरवर लिहिलेलं असणं हीसुद्धा त्या फोटोबद्दलची माहितीच आहे. पुरातून निघालेल्या, नाव हरवलेल्या प्रतीपेक्षा ती मोलाची.

या चाळणीत सतरा-अठरा हजार फाइली बाजूला झाल्या. ही पायरी सुरक्षित आहे, कारण ती चुकली तरी एकाच बाजूला चुकते. कुणी फोटो काँप्युटरवर फिरवून उभा केला असेल, त्याला तारा दिला असेल, किंवा नुसता उघडून पुन्हा सेव्ह केला असेल, तरी आतले आकडे बदलतात आणि ठसा जुळत नाही. तो फोटो मागे राहतो. जागा थोडी जास्त अडते, आठवण जात नाही.

दुसरी चाळणी अवघड. एकाच क्लिकच्या, पण वेगवेगळ्या दर्जाच्या प्रती इथं एकमेकींसमोर येतात. आपल्याकडे त्या बहुतेक व्हॉट्सअ‍ॅपमुळे तयार होतात. फोननं काढलेला फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि तीन-चार एमबीचा असतो. नेहमीच्या पद्धतीनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो १६०० बाय १२०० च्या आसपास उतरतो आणि फाइल काही शे केबीची होते. त्याबरोबर फोटो कधी काढला, कुठल्या कॅमेऱ्यानं काढला ही आत लिहिलेली माहितीही निघून जाते. उरतं ते IMG-20190512-WA0007.jpg असं नाव, आणि त्यातली तारीख फोटो काढल्याची नसते, पाठवल्याची किंवा मिळाल्याची असते. २००९ चा फोटो कुणी २०१९ च्या मदर्स डेला पाठवला, तर तो २०१९ चा दिसतो. अँड्रॉइड फोनमध्ये तर Sent नावाच्या फोल्डरात आपण पाठवलेल्या आपल्याच फोटोची लहान प्रतही साठत जाते.

या प्रती शोधायला ठसा चालत नाही, चित्र पाहून जुळवणारी पद्धत लागते. dupeGuru मध्ये त्यासाठी Picture हा प्रकार आहे. त्यात Match pictures of different dimensions ही खूण केली नाही, तर वेगवेगळ्या मापांच्या प्रती तो एकत्र आणतच नाही, आणि आपल्याला वाटतं, डबल संपले. खूण केली की मूळ फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपची प्रत एका गटात येतात.

गट दिसला की बहुतेक जण मोठी फाइल ठेवतात आणि लहान काढून टाकतात. दहापैकी नऊ वेळा ते बरोबरच असतं. दहाव्या वेळी काय होतं, ते या घरातल्या एका फोटोनं दाखवलं. काकांची आई अंगणात बसून मोदकाचं सारण करते आहे, शेजारी दोन नातवंडं. तिचा असा घरातला, हसरा फोटो दुसरा नव्हता. या फोटोच्या पाच प्रती निघाल्या.

आधी मी चारही स्रोतांतल्या फाइलींची माहिती एका यादीत काढली. त्यासाठी ExifTool हे साधन आहे, आणि ही एक ओळ पुरते:

```
exiftool -r -csv -ImageSize -FileSize -Model -DateTimeOriginal SANGRAH > yadi.csv
```

SANGRAH हे माझ्या फोल्डरचं नाव. yadi.csv ही फाइल एक्सेलमध्ये उघडते. प्रत्येक फोटोचं माप, वजन, कॅमेरा आणि काढल्याची वेळ एका ओळीत दिसते. या पाच प्रतींच्या ओळी अशा होत्या. पहिली, पुरातल्या डिस्कवरून आलेली, ४००० बाय ३०००, कॅमेरा आणि वेळ दोन्ही शाबूत. दुसरी, भावाच्या डिस्कवर, ३००० बाय २२५०, पाच एमबी, पण कॅमेऱ्याचं नाव नाही. तिसरी आणि चौथी फोनमधल्या, १६०० बाय १२००, व्हॉट्सअ‍ॅपच्या. पाचवी १६० बाय १२० ची, एवढीशी.

मापावरून ठरवायचं तर पहिली ठेवून चार काढायच्या. फोल्डरमधल्या छोट्या चित्रातही पहिली छान दिसत होती. पण ती उघडली, तर नातवंडांच्या खांद्यापासून खाली सगळा राखाडी पट्टा. डिस्कवरून फाइल पूर्ण निघालीच नव्हती, वरचा भाग तेवढा वाचला होता. मग छोट्या चित्रात ती पूर्ण कशी दिसत होती? कॅमेरा प्रत्येक जेपीईजी फाइलच्या सुरुवातीलाच फोटोची एक चिमुकली प्रत लिहून ठेवतो, बहुधा १६० बाय १२० ची. पाहणारं सॉफ्टवेअर पुष्कळदा तीच दाखवतं. फाइलचा शेवट तुटला तरी सुरुवातीची चिमुकली प्रत धड असते. पाचवी फाइल म्हणजे हीच प्रत, डेटा काढणाऱ्या सॉफ्टवेअरनं सुटी करून दिलेली. तेव्हापासून पुरातून आलेल्या कुठल्याही संग्रहावर मी jpeginfo -c चालवते. तो प्रत्येक फाइल शेवटपर्यंत वाचून पाहतो आणि जी मध्येच संपते तिच्यापुढं तसं लिहितो. ज्या फोटोत कुणी माणूस आहे, तो उघडून शंभर टक्के मोठा करून पाहिल्याशिवाय 'ठेवायचा' या बाजूला जात नाही.

दुसरी प्रत पाच एमबीची होती, म्हणजे उरलेल्यांत सगळ्यांत जड. ती मोठी करून पाहिली तर आजीच्या चेहऱ्यावर चौकोनी डाग दिसत होते, केसांची कड लोण्यासारखी पसरलेली. काकांच्या भावानं सांगितलं, आई गेल्यावर भिंतीवर लावायला त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवरचाच फोटो दुकानात मोठा करून घेतला होता. पिक्सेल वाढले होते, तपशील वाढले नव्हते. वर भारी दर्जाचा आकडा टाकून सेव्ह केल्यामुळे फाइल जड झाली होती. माप आणि वजन दोन्ही फसवतात, ते असं.

तिसरी आणि चौथी दिसायला एक, पण ठसा वेगळा होता. काकूंच्या फोनमधली लेकीकडून आलेली होती. काकांच्या फोनमधली त्या प्रतीवरून पुन्हा सेव्ह करून पाठवलेली. जेपीईजी प्रत्येक वेळी नव्यानं सेव्ह होताना थोडं काहीतरी गमावतो, म्हणून काकूंच्या फोनमधली प्रत जास्त स्वच्छ होती. तीच मी मुख्य ठेवली. पहिली, राखाडी पट्ट्याचीही ठेवली, कारण वरच्या अर्ध्यात आजीचा चेहरा पूर्ण होता आणि त्यातला तपशील व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रतीत कुठंच नव्हता. शिवाय फोटो कधी काढला ते फक्त तिलाच माहीत होतं. २०११ च्या सप्टेंबरची दुपार, गणपतीचे दिवस. ती वेळ मी मुख्य प्रतीतही लिहिली. दुसरी, चौथी आणि पाचवी बाजूला काढली. सॉफ्टवेअरच्या सल्ल्यानं गेले असते तर आजीचा अर्धा फोटो उरला असता.

तिसऱ्या चाळणीला मी चाळणी म्हणायलाही कचरते, कारण तिथून मी काहीच काढत नाही. एकसारखे दिसणारे, पण वेगवेगळ्या क्षणांचे फोटो तिथं असतात. आपल्याकडे याचं सगळ्यांत मोठं उदाहरण म्हणजे लग्नातलं रिसेप्शन. नवरा-नवरी त्याच जागी उभे, मागं तीच फुलांची कमान, कॅमेरा स्टँडवर, प्रकाश तोच. बदलतात फक्त बाजूला येऊन उभे राहणारे पाहुणे. चित्र जुळवण्याची एक सर्रास वापरली जाणारी पद्धत फोटो आधी लहान करून नऊ बाय आठ अशा बहात्तर करड्या घरांवर आणते. मग प्रत्येक ओळीतलं घर उजवीकडच्या घरापेक्षा उजळ आहे की गडद एवढंच पाहते. चौसष्ट उत्तरं मिळतात. दोन फोटोंच्या उत्तरांत चार-पाच ठिकाणीच फरक असेल, तर ते सारखे. आता पांढरा सदरा घातलेले एक काका गेले आणि तिथंच पांढरा सदरा घातलेले दुसरे काका येऊन उभे राहिले, तर बहात्तर घरांत काय फरक पडणार? सॉफ्टवेअरला ते एकच चित्र वाटतं.

या घरातल्या लेकीच्या लग्नाच्या रिसेप्शनचे तीसेक फोटो असे एका गटात आले. सॉफ्टवेअरनं एक वर ठेवला आणि बाकीच्यांपुढं काढण्याची खूण सुचवली. त्यात काकूंचे मोठे भाऊ होते, पुढं कोविडमध्ये गेलेले. लग्नातला त्यांचा तो एकच फोटो. काकूंना मी तो गट दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगो, हे डबल कुठले? ही तर सगळी माणसं आहेत." नेमकं हेच.

'तोच फोटो' आणि 'तसाच फोटो' यांतला फरक ओळखायला दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक म्हणजे आत लिहिलेली वेळ. कॅमेरा सेकंदापर्यंत वेळ लिहितो. दोन प्रतींचा कॅमेरा एकच आणि वेळ वेगळी असेल, तर ते दोन वेगळे क्लिक, कितीही सारखे दिसोत. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असलं तरी बिघडत नाही, कारण आपण फरक पाहतो, खरी वेळ पाहत नाही. फोननं एका सेकंदात धडाधड काढलेल्या फोटोंना मात्र ही कसोटी अपुरी पडते. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रतींत वेळच नसते. तिथं दुसरी गोष्ट, दोन्ही फोटो शेजारी लावून हलणाऱ्या वस्तू पाहायच्या. पापणी, हात, पदराची कड, मागून जाणारं कुणीतरी. एकाच क्लिकच्या दोन प्रतींत मागच्या माणसाचं पाऊल एका जागी असतं. वेगळ्या क्लिकमध्ये ते कधीच तसंच्या तसं नसतं. मी आधी चेहरे पाहत नाही, कडा आणि मागची बाजू पाहते, कारण पुढची माणसं फोटोसाठी मुद्दाम स्थिर उभी असतात.

एकसारख्या पाच फोटोंतला चांगला कोणता, हे मी ठरवत नाही. एकात आजोबांचे डोळे मिटलेले, एकात ते हसताहेत पण नात रडते आहे. त्यातलं काय हवं हे घरच्यांनाच कळतं. मी गट करून देते, निवड त्यांची.

फाइली बाजूला काढल्या म्हणजे मी त्या पुसल्या असं नाही. मी त्या 'बाजूला' नावाच्या फोल्डरमध्ये हलवते आणि त्यांचा मूळ पत्ताही तसाच ठेवते. फोनवर आणि गूगल फोटोजमध्ये मी स्वतः काहीही पुसत नाही आणि नातेवाइकांनाही तेच सांगते. तिथं बॅकअप चालू असेल, तर फोनवरच्या गूगल फोटोज अ‍ॅपमधून पुसलेला फोटो गूगलच्या खात्यातूनही जातो. 'जागा मोकळी करा' हा पर्याय वेगळा, तो फक्त बॅकअप झालेल्या फोटोंची फोनमधली प्रत काढतो. दोन्हींची गल्लत होते. बॅकअप झालेला फोटो कचरापेटीत साठ दिवस राहतो, बॅकअप न झालेला तीस दिवस. लोकांना तो हरवल्याचं कळतं पुढच्या गणपतीत.

या घराचा संग्रह शेवटी पंधरा हजारांच्या थोडा वर राहिला. त्याच्या दोन डिस्का केल्या, एक इथं आणि एक पुण्याला लेकीकडे. एकाच डिस्कवरच्या पाच प्रती अडगळ असतात, पण दुसऱ्या गावात ठेवलेली एक प्रत अडगळ नसते. या कुटुंबाकडे काही उरलं, ते तशाच विखुरलेल्या प्रतींमुळे. यापुढं एकमेकांना फोटो पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, हेही मी सांगितलं. तसा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप तो लहान करत नाही आणि आतली वेळही टिकते.

'बाजूला' फोल्डर मी वर्षभर ठेवायला सांगते. कायमचं पुसण्याआधी घरच्यांना एक यादी देते. तिच्या डाव्या रकान्यात जाणारी फाइल, उजव्या रकान्यात तिच्याऐवजी राहणारी फाइल, आणि ती राहणारी फाइल त्या दिवशी उघडते का हे तपासल्याची खूण. या यादीत उजवा रकाना रिकामा ठेवायची सोय नाही. ज्या फाइलीपुढं तिच्याऐवजी राहणारी, पूर्ण उघडणारी प्रत लिहिता येत नाही, ती डबल नाही. ती संग्रहात परत जाते.